'एक थेंबही येणार नाही' असं लिहिण्याआधी

*ताई, नमस्कार. माझे मिस्टर २०१८ पासून वॉटरप्रूफिंगची कामं घेतात आणि कोटेशनं मी लिहिते. आमच्या प्रत्येक कोटेशनवर 'गळती १०० टक्के थांबेल, १० वर्षांची गॅरंटी' असं असतं. गेल्या एप्रिलमध्ये एका सोसायटीची १४०० चौरस फुटांची गच्ची केली. यंदा जुलैत वरच्या मजल्यावरच्या एका घरात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. चेअरमन म्हणतात, गॅरंटी दिलीय, तर दुरुस्ती करा आणि त्या घराच्या रंगाचा आणि पीओपीचा खर्चही द्या. मिस्टरांच्या मते ओल गच्चीतून आलेलीच नाही. गॅरंटी हा शब्द काढला तर कामं मिळणार नाहीत, कारण सगळेच तो लिहितात. मग आम्ही लिहायचं तरी काय?*
*— एक वाचक, बदलापूर*

ताई, सोसायटीचा प्रश्न आधी घेते, कारण तो आत्ता पेटलेला आहे. त्यातून कोटेशनमध्ये काय बदलायचं तेही आपोआप दिसेल.

'गळती १०० टक्के थांबेल' या वाक्यात गच्चीचा उल्लेखच नाही. काम गच्चीचं केलंत, शब्द दिलात तो गळतीचा. वरच्या मजल्यावरच्या घरात पाणी यायला गच्चीशिवाय पुष्कळ वाटा असतात. टाकीतून खाली येणारा पाइप असतो, कठडा आणि स्लॅब यांच्यामधला सांधा असतो, पावसाच्या पाण्याचा पाइप जिथं गच्चीत बसवलेला असतो ते तोंड असतं आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगा असतात. आपल्याकडे पावसाचा झोत नैऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जून ते सप्टेंबर अक्षरशः धुऊन निघतात. प्लास्टरला केसाएवढी भेग असली तरी तेवढ्यातून पाणी आत झिरपतं. तुमच्या तक्रारीतली भिंत नेमकी पश्चिमेची आहे, म्हणून मिस्टर म्हणतात ते खरं असण्याची शक्यता मोठी आहे. पण शक्यता सांगून चेअरमनचं समाधान होणार नाही आणि ते होऊही नये. त्यांच्या हातात तुमच्या सहीचा कागद आहे आणि त्यावर १०० टक्के लिहिलेलं आहे.

म्हणून 'हे आमच्या कामात येत नाही' असं उत्तर पाठवू नका आणि 'काळजी करू नका, नक्की करून देतो' असंही पाठवू नका. पहिल्या उत्तरानं भांडण होईल. दुसऱ्यानं तुम्ही भिंतीचीही जबाबदारी घेतली असं होईल आणि मग पाणी कुठूनही आलेलं असलं तरी तो खर्च तुमच्या गळ्यात पडेल. पाऊस उघडला की कमिटीच्या दोघांना समोर उभं करून गच्चीत पाणी भरा. ही चाचणी तुमच्या मिस्टरांना मला शिकवायची गरज नाही, पण कागदावर तिचा तपशील हवा असतो म्हणून लिहिते. पाइपाची तोंडं बंद करायची, सर्वांत उंच जागी निदान दोन इंच पाणी उभं राहील इतकं भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. कठड्यावर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारायची. पाण्यातच एक बादली उभी करून तिच्यातही तेवढंच पाणी घालायचं आणि रेघ ओढायची. उन्हानं जेवढं उडेल तेवढं दोन्हीकडे सारखंच उतरेल. गच्चीतलं पाणी बादलीपेक्षा स्पष्ट जास्त उतरलं, तर ते कुठंतरी मुरतंय. दोन्हीकडे सारखं उतरलं आणि खालच्या छताचा ओला डाग वाढला नाही, तर गच्ची सुटली.

एक सावधगिरी मात्र घ्या. १४०० चौरस फूट म्हणजे साधारण १३० चौरस मीटर. पाणी सरासरी तीन इंच धरलं तरी वजन दहा टनांच्या आसपास जातं. इमारत जुनी असेल, स्लॅबची सळई कुठं उघडी पडलेली दिसत असेल, तर आधी सोसायटीच्या इंजिनियरला विचारा, किंवा मध्ये सिमेंटचा छोटा बांध घालून अर्धी अर्धी गच्ची तपासा.

तोवर चेअरमनना एवढंच लिहा:

'आपल्या तक्रारीची आम्ही नोंद घेतली आहे. ओल कुठून येते हे तपासण्यासाठी पाऊस उघडल्यावर आम्ही स्वखर्चानं गच्चीत ४८ तास पाणी उभं करून चाचणी करू. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी कमिटीचे दोन सदस्य हजर असावेत, ही विनंती. पाणी गच्चीतून जात असल्याचं दिसलं, तर तो भाग आम्ही स्वखर्चानं पुन्हा करून देऊ. ओल दुसरीकडून येत असल्याचं दिसलं, तर कारण लेखी कळवू आणि त्या दुरुस्तीचं वेगळं कोटेशन देऊ.'

या पत्रात 'नक्की' नाही आणि 'शक्यतो'ही नाही. तरी ते लेचंपेचं वाटत नाही, कारण त्यातलं प्रत्येक ठाम वाक्य तुमच्या हातातल्या गोष्टीबद्दल आहे. पाणी भरणं, निष्कर्ष कळवणं, आपला भाग पुन्हा करणं हे सगळं तुम्ही करू शकता. ओल थांबणं हे गच्ची, भिंत, पाइप, पाऊस आणि घरमालक या सगळ्यांवर अवलंबून आहे. मला जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे. शब्दातला ठामपणा टाकून द्यायचा नाही, फक्त तो परिणामावरून उचलून स्वतःच्या कृतीवर ठेवायचा.

रंग आणि पीओपीच्या खर्चाबद्दल या पत्रात मुद्दाम काही लिहिलेलं नाही. आपल्या करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं, ७३ वं कलम सांगतं की करार मोडल्यामुळे जे नुकसान ओघानंच होतं, किंवा करार करताना जे होऊ शकतं हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, ते भरून द्यावं लागतं. दूरचं, आडवळणानं आलेलं नुकसान द्यावं लागत नाही. आता 'गळती थांबेल' असं लिहून दिल्यावर गळती झाली आणि खालचं पीओपी भिजलं, तर ते ओघानंच झालं असं कुणीही म्हणेल. चाचणीत दोष गच्चीचा निघाला, तर चेअरमनची मागणी अगदीच फुकाची नाही हे धरून चला आणि त्या वेळी समोरासमोर बसून आकडा ठरवा. दोष गच्चीचा नसेल तर हा प्रश्नच उरत नाही. चाचणीआधी त्याबद्दल हो किंवा नाही लिहिणं म्हणजे माहिती नसताना शब्द देणं.

आता कोटेशन. गॅरंटी हा शब्द काढावा की ठेवावा, इथंच बहुतेक जण अडकतात. माझं मत असं की शब्दाला घाबरायचं कारण नाही, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्याच ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे. करार कायद्यात 'गॅरंटी'ची व्याख्या आहे, पण ती दुसऱ्याचं कर्ज फेडण्याच्या हमीची आहे, जशी बँकेच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याची. तुमच्या गच्चीच्या गॅरंटीचा तयार अर्थ तिथं सापडत नाही. तो तुमचं वाक्यच ठरवतं. वाक्यानं ठरवला नाही, तर पुढं वाद झाल्यावर दुसरं कुणी ठरवतं आणि ज्यानं मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध बाजूला झुकणारा अर्थ लावण्याची रीत आहे. मसुदा तुम्ही लिहिताय, त्यामुळे अर्थ मोकळा सोडणं तुम्हालाच महागात पडतं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा याहून पुढं जातो. मालाच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी पुरेशा चाचणीशिवाय दिली, तर ती अनुचित व्यापार पद्धत ठरते. चाचणी केली होती असं तुमचं म्हणणं असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. अमुक परिणाम मिळेपर्यंत दुरुस्ती करत राहू असं वचन दिलं आणि ते पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नसली, तर तेही त्याच कलमात येतं. आता स्वतःच्या वहीकडे बघा. धंदा २०१८ चा आहे. तुमच्या सर्वांत जुन्या गच्चीनंही अजून दहा पावसाळे पाहिलेले नाहीत. मग दहा वर्षं हा आकडा आला कुठून? बहुधा शेजारच्या कंत्राटदाराच्या कोटेशनवरून, किंवा कोटिंगच्या डब्यावरून. डब्यावरचा आकडा कंपनी तिच्या मालाबद्दल सांगते, तोही तिच्या अटींवर. किती थर दिले, पृष्ठभाग कोरडा होता का, लावणारा कंपनीनं मान्य केलेला आहे का, असं सगळं त्यात असतं. तो आकडा तुमच्या लेटरहेडवर आला की तुमचा होतो, अटी मात्र डब्यावरच राहतात. कंपनीचं वॉरंटी कार्ड मिळत असेल तर ते ग्राहकाच्या हातात वेगळं द्या आणि कोटेशनमध्ये लिहा, 'मालाची वॉरंटी कंपनीच्या कार्डाप्रमाणे'.

स्वतःचा आकडा काढायला एक संध्याकाळ पुरते. आजवरच्या गच्च्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढं लिहा की तक्रार आली का, कितव्या पावसाळ्यात आली आणि दोष कशात निघाला. माझ्या पाहण्यात कारागिरीचा दोष, म्हणजे वाटा नीट न काढणं, कोब्याला पाणी कमी मारणं, पाइपाच्या तोंडाशी कोटिंग आत न वळवणं, हा पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यातच उघडा पडतो. त्यानंतर जे निघतं ते उन्हानं कोटिंग कडक होण्याचं आणि स्लॅब तापून-निवून नव्या भेगा पडण्याचं असतं. समजा तुमच्या चाळीस गच्च्यांपैकी पाचांची तक्रार आली आणि पाचही पहिल्या तीन पावसाळ्यांतल्या होत्या. तर पाच पावसाळ्यांची हमी तुम्ही शांतपणे देऊ शकता, कारण ती तुमच्या कामाच्या नोंदीवर उभी आहे. कुणी विचारलं तर वही दाखवता येते. आणि 'वर्षं' न म्हणता 'पावसाळे' म्हणा. एप्रिल २०२५ ला काम संपलं तर पाचवा पावसाळा २०२९ चा, त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला हमी संपते. तारीखच लिहून टाका, मोजदाद करायची वेळ येत नाही.

नवं कलम असं दिसेल. मी १४०० फुटांच्या त्याच गच्चीवर बेतून लिहिते:

'काम: इमारतीची मुख्य गच्ची, १४०० चौरस फूट, कठड्याच्या आतल्या बाजूला एक फूट उंचीपर्यंत. पाण्याची टाकी, तिचे पाइप, बाहेरच्या भिंती आणि जिन्यावरचं छत या कामात नाही. काम संपल्यावर कमिटीसमोर ४८ तास पाणी उभं करून चाचणी करू. एकूण रकमेपैकी १० टक्के आम्ही या चाचणीनंतर घेऊ. ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत या गच्चीतून पाणी झिरपल्याचं अशाच चाचणीत दिसलं, तर तेवढा भाग आम्ही मजुरी आणि माल दोन्हीसह विनामूल्य पुन्हा करून देऊ. तक्रार कळवल्यापासून ७ दिवसांत पाहणी करू. दुरुस्ती पृष्ठभाग कोरडा झाल्यावर करू. पावसाळ्यात तोपर्यंत त्या भागावर ताडपत्री टाकून देऊ. आमच्या कामानंतर गच्चीला भोकं पाडली गेली असतील, तर त्या जागेची हमी राहणार नाही.'

यातली तीन-चार वाक्यं मी का तशी लिहिली ते सांगते, म्हणजे पुढच्या कामाला तुम्हाला स्वतःला बदलता येतील.

पाहणी आणि दुरुस्ती मुद्दाम तोडली आहे. जुलैत फोन येतो तेव्हा माणूस म्हणतो, 'लगेच येऊन करून द्या.' ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही हे मिस्टरांना माहीत आहे, ग्राहकाला नाही. 'तक्रार आल्यास ७ दिवसांत दुरुस्ती' असं लिहिलंत, तर जुलैतल्या प्रत्येक तक्रारीत तुम्ही वचन मोडणार, आणि पाळायला गेलात तर काम बिघडवणार. पाहणी मात्र भर पावसातही होते आणि ताडपत्रीही टाकता येते. सात हा आकडाही हवेतून घेऊ नका. गेल्या पावसाळ्यात फोन आल्यापासून जायला सर्वांत उशीर कुठं झाला ते आठवा. तो सहा दिवसांचा असेल तर सात लिहा, दहाचा असेल तर बारा. सरासरी धरून लिहिलं तर निम्म्या वेळा उशीर होणारच.

भोकांचं वाक्य गाळू नका. वॉटरप्रूफिंग झालं की दोन महिन्यांत कुणीतरी डिशचा स्टँड ठोकतं, कुणी सोलर हीटरचे पाय बोल्टनं बसवतं, गणपतीत मंडपाचे खांब रोवले जातात. एका बोल्टनं कोटिंग फाटलं की पाणी कोब्यात शिरतं आणि आडवं पसरत दहा फूट लांब कुठंतरी छतातून उतरतं. पण वाक्य कसं आहे ते बघा. भोक पाडलं की सगळी हमी रद्द, असं त्यात नाही. त्या जागेची रद्द, एवढंच आहे. एका कोपऱ्यातल्या डिशसाठी १४०० फुटांची हमी काढून घेणं हे ग्राहकाला अन्यायाचं वाटेल आणि ते खरंही आहे. आजचा ग्राहक कायदा 'अनुचित करार' असाही प्रकार मानतो, म्हणजे ज्या अटींनी ग्राहकाच्या हक्कात मोठा फरक पडतो अशा एकतर्फी अटी. 'भविष्यात कोणत्याही कारणानं झालेल्या कोणत्याही गळतीस आम्ही जबाबदार नाही' असली ओळ घालून सुटू असं काहींना वाटतं. ती ओळ १०० टक्केइतकीच खोटी आहे, फक्त उलट दिशेनं. काम तुम्ही केलंय, थोडी जबाबदारी तुमची आहेच.

'कोणत्याही', 'सर्व', 'कायमचा', 'संपूर्ण' हे शब्द कोटेशनमध्ये दिसले की थांबत चला. त्यांच्यात नक्कीइतकंच ओझं असतं आणि ते बिनबोभाट येऊन बसतात.

आता दुसऱ्या टोकाबद्दल, कारण वकिलाचा सल्ला घेतलेली माणसं हमखास तिकडे घसरतात. नक्की काढून 'शक्यतो', 'साधारणतः', 'प्रयत्न करू', 'बघून घेऊ' असं लिहू लागतात. मराठी माणसाच्या कानाला 'प्रयत्न करू' म्हणजे होणार नाही, आणि 'बघू' म्हणजे तर नाहीच. असं कोटेशन वाचून चेअरमन तुम्हाला काम देणार नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. शिवाय या शब्दांनी तुमचं रक्षणही होत नाही, कारण 'साधारणतः पाच पावसाळे' म्हणजे चार की सहा हा वाद तसाच उरतो. अनिश्चितता खरी असेल तर तिचं कारण लिहायचं. 'काम साधारण तीन आठवड्यांत होईल' यापेक्षा 'कोरडे १५ दिवस मिळाले तर काम १५ दिवसांत. ज्या दिवशी पाऊस पडेल तो आणि त्यानंतरचे दोन दिवस मोजणार नाही' हे कितीतरी सरळ आहे. वाचणाऱ्याला स्वतः मोजता येतं.

तारखांच्या बाबतीत मी स्वतः पोळलेली आहे. लग्नानंतर काही वर्षं मी एका रंगकामाच्या कंत्राटदाराकडे कागदपत्रं बघायचे. एका बंगल्याच्या कामाला मी लिहिलं, 'दिवाळीपर्यंत काम नक्की पूर्ण होईल.' आमच्या मालकांच्या मनात दिवाळी म्हणजे पाडव्याआधी. घरच्या बाईंच्या मनात वसुबारस, कारण त्या दिवसापासून लेकी-जावई येणार होते. वसुबारसेच्या सकाळी त्या हॉलमध्ये उभ्या होत्या, सोफ्यावर वर्तमानपत्रं पसरलेली, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या तशाच, आणि आमची माणसं जेवणघराच्या दुसऱ्या हातावर. त्या ओरडल्या नाहीत. फक्त माझ्या हस्ताक्षरातला कागद पुढे धरला. शेवटच्या बिलातून त्यांनी चार हजार कापले आणि आम्ही गप्प बसलो, कारण कागदावर नक्की होतं पण तारीख नव्हती. तेव्हापासून दिवाळी, गुढीपाडवा, पावसाळ्याआधी, महिनाअखेर असे शब्द मी कुठल्याही कोटेशनमध्ये येऊ देत नाही. पावसाळ्याआधी म्हणायचं असेल तर ३१ मे लिहा.

राहिला धंद्याचा प्रश्न, तुमची खरी भीती. शेजारचा १० वर्षं आणि १०० टक्के लिहितो आणि तुम्ही पाच पावसाळे लिहिता, तर काम त्याला जाईल असं तुम्हाला वाटतं. काही कामं जातीलही, ते मी लपवत नाही. पण कमिटीसमोर दोन कोटेशनं ठेवली जातात तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट असते: गेल्या वेळचा कंत्राटदार पैसे घेऊन गेला आणि नंतर फोन उचलला नाही. १०० टक्के या शब्दानं ती भीती जात नाही, गेल्या वेळच्या कागदावरही तो होताच. ती जाते 'चाचणी तुमच्यासमोर, शेवटचे १० टक्के चाचणीनंतर, फोन केल्यापासून सात दिवसांत पाहणी' या ओळींनी. म्हणून त्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात घालू नका. दराच्या तक्त्याच्या लगेच खाली, 'आमची हमी' अशा ठळक मथळ्याखाली घाला. जमलं तर मिस्टरांना त्या कमिटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचायला सांगा.

मिस्टरांबद्दल एक. कोटेशन तुम्ही कितीही नेटकं लिहिलंत आणि ते गच्चीवर उभं राहून म्हणाले, 'साहेब, टेन्शन घेऊ नका, एक थेंब येणार नाही,' तर तुमचा कागद अर्धा वाया गेला. तोंडी शब्दही शब्दच असतो, आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहिलं तर पुरावा हातातच आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेले करार मान्य केलेले आहेत, त्यामुळे 'तो तर नुसता मेसेज होता' असं म्हणता येत नाही. गिऱ्हाइकासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'तांत्रिक दृष्ट्या बघता' असं बोलता येणार नाही, त्याला तितकंच आपुलकीचं आणि तितकंच ठाम वाक्य हवं. त्यांना हे द्या: 'गच्चीतून पाणी आलं तर मी स्वतः येऊन परत करून देतो.' थेंब येणार नाही याच्याइतकाच धीर त्यात आहे, पण शब्द त्यांच्या स्वतःच्या हातातल्या कामाचा आहे. यातला 'गच्चीतून' हा शब्द गाळायचा नाही, एवढं मात्र त्यांच्याकडून वदवून घ्या. गिऱ्हाईक विचारेल, 'पण भिंतीतून आलं तर?' तेव्हा सांगायचं, 'ते बघून कारण सांगतो, भिंतीचं काम वेगळं आहे.' आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायच्या की आज बोलल्याप्रमाणे काम फक्त गच्चीचं आहे, सविस्तर हमी कोटेशनमध्ये आहे.

आणखी एक काम उरतं. जुन्या मजकुराची किती कोटेशनं बाहेर आहेत ते मोजा. ज्यांची कामं झाली, त्यांना दिलेला शब्द तुम्ही एकतर्फी बदलू शकत नाही. ती १० वर्षं तुम्हाला पाळायचीच आहेत, त्यासाठी दर कामामागं थोडी रक्कम बाजूला काढायला आतापासून सुरुवात करा. पण ज्यांनी अजून होकार कळवलेला नाही, त्यांना 'आमचं आधीचं कोटेशन मागे घेत आहोत, सुधारित कोटेशन सोबत जोडलं आहे' असं आजच कळवा. होकार येण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर नाही. त्यातल्या एखाद्या सोसायटीची कमिटी या रविवारी भरणार असेल, तर तिचं सगळ्यात आधी.

चेअरमनचं पत्र पाठवताना गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून घ्या. पाणी भरलेल्या ४८ तासांत गच्चीला कुलूप हवं. नाहीतर कुणीतरी पाण्यात पाय नको म्हणून पाइपाचं बूच काढून टाकतं आणि सगळी चाचणी पुन्हा करावी लागते.